आठ लाख शेअर आणि पंचवीस दिवस

25 मार्च 1996 रोजी मुंबईत एक मोठा सौदा झाला. हिंदुस्तान लिव्हरने युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाकडून, म्हणजे यूटीआयकडून, ब्रुक बाँड लिप्टन इंडिया या कंपनीचे आठ लाख शेअर विकत घेतले. दर होता प्रत्येकी 350 रुपये 35 पैसे. त्या वेळच्या बाजारभावापेक्षा तो साधारण दहा टक्क्यांनी जास्त होता, त्यामुळे वरवर पाहता विकणाऱ्याचा फायदाच झाला होता. सौद्याची एकूण किंमत 28 कोटी रुपयांच्या थोडी वर गेली. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, 19 एप्रिलला, हिंदुस्तान लिव्हर आणि ब्रुक बाँड लिप्टन यांचे विलीनीकरण होणार असल्याची घोषणा झाली. दोन्ही कंपन्या एकाच घरच्या, युनिलिव्हर या परदेशी उद्योगसमूहाच्या. साबण विकणारी आणि रेड लेबल चहा विकणारी अशा या दोन भावंडांना एकत्र आणायचे ठरत होते, आणि ते ठरवणाऱ्यांमध्ये शेअर विकत घेणारी कंपनी होती. विकणाऱ्या यूटीआयला मात्र या निर्णयाची अधिकृत माहिती नव्हती.

भारतात इनसायडर ट्रेडिंगवर चाललेल्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा सर्वांत गाजलेला. सेबीने 1992 मध्येच आतल्या माहितीवर व्यवहार करण्यास बंदी घालणारे नियम काढले होते, पण ते एवढ्या मोठ्या कंपनीवर चालवून पाहण्याची वेळ प्रथमच आली. चौकशी लांबली. 11 मार्च 1998 च्या आदेशात सेबीने लिव्हरला दोषी धरले, यूटीआयला 3 कोटी 4 लाख रुपयांची भरपाई देण्यास सांगितले आणि काही संचालकांवर खटले भरण्याचा निर्णय घेतला. भरपाईचा आकडा आठ लाखांनी भागला की शेअरमागे 38 रुपये येतात. विलीनीकरणाची बातमी कळलेली असती तर यूटीआयला आपल्या शेअरसाठी जे जास्त मिळाले असते, त्याचा सेबीने लावलेला हिशेब हा एवढा होता. दहा टक्के जास्त भाव मिळूनही विकणारा तोट्यात कसा गेला, याचे उत्तर या 38 रुपयांत आहे. मिळालेल्या भावाची तुलना त्या दिवसाच्या बाजारभावाशी करून चालत नाही, घेणाऱ्याला ठाऊक असलेल्या भावाशी करावी लागते.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त कळत असेल तर त्यात गुन्हा कसला? व्यापार तर असाच चालतो. कर्जत-खालापूर भागात हे सांगण्यासाठी शेअर बाजारापर्यंत जाण्याची गरज नाही. कोंडाण्याच्या आसपास एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून रस्ता जाणार आहे असे एखाद्याला आधी कळले, त्याने जाऊन गप्पागप्पांत ती जमीन चालू भावाने घेतली आणि दोन महिन्यांनी आखणी जाहीर झाली, तर गावात लोक चरफडतील. पण कोर्टात त्या शेतकऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमात याचा स्पष्ट खुलासा आहे: बोलण्याचे कर्तव्य नसेल तर केवळ गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. मग शेअरच्या बाबतीत कायदा वेगळा का वागतो?

कारण शेअरच्या व्यवहारात बातमीचा मालक वेगळा असतो. रस्त्याची आखणी जाणणाऱ्या माणसाचे शेतकऱ्याशी काही नाते नसते. कंपनीचा संचालक मात्र कंपनीतली बातमी स्वतःच्या बुद्धीने शोधून काढत नाही. ती त्याच्यापर्यंत त्याच्या पदामुळे येते, आणि ते पद त्याला भागधारकांनी दिलेले असते. विलीनीकरणाच्या वाटाघाटी, नव्या कर्जाची बोलणी, तिमाहीचा नफा ही सारी माहिती कंपनीची, म्हणजे पर्यायाने शेअर धरून बसलेल्या प्रत्येकाची. त्याच माहितीचा आधार घेऊन त्याच भागधारकाकडून शेअर स्वस्तात काढून घेणे म्हणजे मालकाच्या तिजोरीतल्या किल्लीने मालकाचेच कपाट उघडणे. यूटीआय ब्रुक बाँड लिप्टनची भागधारक होती. ज्या विलीनीकरणामुळे तिच्या शेअरची किंमत वाढणार होती, ते तिच्याच कंपनीचे होते. म्हणूनच कायद्याने गप्प राहण्याचा हक्क इथे नाकारला आणि एक साधी निवड समोर ठेवली: बातमी सगळ्यांना सांगा आणि मग व्यवहार करा, किंवा सांगता येत नसेल तोवर व्यवहार करू नका.

लिव्हरने मांडलेला बचाव याच जागी अडखळतो. तो असा की ही माहिती बाहेरून आलेली नव्हती, विलीनीकरण करणारा पक्ष आम्हीच होतो. स्वतःच्या बेताबद्दल कोणी इनसायडर कसा ठरेल? ऐकायला हे ठीक वाटते. पण विलीनीकरण एका पक्षाचे नसते. ते जितके लिव्हरचे होते तितकेच ब्रुक बाँड लिप्टनचे, आणि शेअर विकत घेतले गेले ते ब्रुक बाँड लिप्टनचे. दुसरा मुद्दा असा होता की हे शेअर नफ्यासाठी घेतलेच नव्हते. विलीनीकरणानंतर युनिलिव्हरचा हिस्सा 51 टक्क्यांवर राहावा एवढाच हेतू होता. हे खरे मानले तरी विकणाऱ्याचे 38 रुपये परत येत नाहीत. नियंत्रण राखणे हा नफ्यापेक्षा वेगळा हेतू असेल, पण ते नियंत्रण ज्या किमतीला मिळाले ती किंमत दुसऱ्याच्या अज्ञानामुळे कमी झाली होती. घोषणेनंतर तेच शेअर मागता आले असते. तेव्हा ते महाग पडले असते, आणि ती महागाई हाच यूटीआयचा हक्काचा वाटा होता.

यूटीआय काही बिचारी संस्था नव्हती. तिच्याकडे विश्लेषक होते, दलालांशी रोजचा संबंध होता, बाजारातली कुजबुज तिच्या कानांवर आधी पडत असे. तिच्यासाठी हळहळण्याचे कारण काय, असे कोणी विचारले तर उत्तर तिच्या इमारतीत नाही, तिच्या युनिटधारकांत आहे. 1964 साली सुरू झालेल्या यूएस-64 योजनेची युनिट घेणारी माणसे म्हणजे शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, निवृत्त कारकून, मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकणारी कुटुंबे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाही शेअरचा सौदा केला नव्हता. यूटीआयने स्वस्तात विकले ते त्यांच्या पिशवीतून गेले.

याच यूएस-64 ची पुढची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण प्रकटीकरण नसले की काय होते हे तिच्यात जास्त उघडे पडते. या योजनेच्या युनिटची खरी किंमत, म्हणजे तिच्याकडच्या गुंतवणुकीचे त्या दिवशीचे मूल्य, बाहेर सांगितलेच जात नसे. विक्रीचा आणि पुनर्खरेदीचा भाव ट्रस्ट ठरवी आणि लोक तो खरा मानत. आत मूल्य घसरत होते, बाहेरचा भाव वरच राहिला होता. 2 जुलै 2001 रोजी यूटीआयने विक्री आणि पुनर्खरेदी दोन्ही अचानक थांबवली. त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत या योजनेतून 4,000 कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर गेली होती आणि त्यातला मोठा वाटा कंपन्यांचा होता. ज्यांना योजनेच्या खऱ्या स्थितीचा अंदाज आला होता ते वरच्या भावाने पैसे घेऊन निघून गेले, आणि त्यांना दिलेला जादा पैसा मागे राहिलेल्या लाखो लहान युनिटधारकांच्या वाट्यातून गेला. यात प्रत्येक काढणाऱ्याने आतली बातमी वापरली असे म्हणता येणार नाही. पण किंमत दडलेली असली की आधी कळणाऱ्याचा फायदा उशिरा कळणाऱ्याच्या खिशातून येतो, हे इथे कोणी विशेष कट न करताही घडले. एकटी बंदी याला पुरी पडली नसती. इथे हवे होते ते रोजचे मूल्य जाहीर करणे.

लिव्हरच्या खटल्याकडे परत जाऊ, कारण त्याचा शेवट कायद्याच्या मर्मावर बोट ठेवतो. त्या काळी सेबीच्या अशा आदेशांवरचे अपील केंद्रीय अर्थखात्याच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाई. जुलै 1998 मध्ये त्याने निकाल दिला. लिव्हर इनसायडर होती, हे त्याला मान्य झाले. तरीही सेबीचा आदेश रद्द झाला. त्यामागचे महत्त्वाचे कारण असे की विलीनीकरणाच्या बातम्या आणि अटकळी आधीच वर्तमानपत्रांत येत होत्या. मग ही माहिती अप्रकाशित कशी म्हणायची? 1992 च्या नियमांत अप्रकाशित माहिती ठरवण्यासाठी दोन वाटा होत्या: ती सर्वसाधारणपणे लोकांना ठाऊक नसावी, किंवा कंपनीने ती प्रसिद्ध केलेली नसावी. लिव्हरने पहिली वाट पकडली. छापून आले म्हणजे ठाऊक झाले. भरपाई आणि खटले भरण्याचा निर्णय, दोन्ही गोष्टी या निकालात गळून पडल्या.

या तर्कातली गोम बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर्तमानपत्रात 'दोन्ही कंपन्या एकत्र येण्याची शक्यता' असे छापून आले आणि ते वाचून यूटीआयच्या अधिकाऱ्याने मनात म्हटले की असेलही, नसेलही. तीच बातमी वाचणारा लिव्हरचा संचालक मात्र ती खरी आहे, हे जाणून होता. दोघांच्या हातात एकच वर्तमानपत्र होते, पण दोघांकडची माहिती एक नव्हती. अफवेला किंमत असते ती तिच्या खरेपणाच्या शक्यतेइतकी. आत बसलेल्याकडे शक्यता नसते, खात्री असते. शिवाय शेअरची अदलाबदल कोणत्या प्रमाणात होणार, हे अटकळीत कधीच नसते, आणि भाव ठरतो तो त्या प्रमाणावरून. अफवा पसरली की बातमी प्रकाशित झाली, असे मानायचे तर बातमी फोडणे हाच व्यवहार कायदेशीर करण्याचा सोपा उपाय होऊन बसेल.

सेबीला ही पळवाट बुजवायला मग बरीच वर्षे लागली. 2002 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले गेले की छापील किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या अटकळींना प्रकाशित माहिती धरले जाणार नाही. 2015 मध्ये नवे नियम आले तेव्हा भर बदलला. माहिती सर्वांना भेदभावाशिवाय मिळू शकते का, एवढीच कसोटी ठेवली, आणि अटकळींबद्दलचे ते वाक्य नव्या व्याख्येत राहिले नाही. 2024 च्या दुरुस्तीने ते वेगळ्या शब्दांत परत आणले: माध्यमांत आलेली, खात्री न झालेली बातमी सर्वांना उपलब्ध माहिती मानायची नाही. त्याच वर्षी अफवांची जबाबदारीही कंपनीवर टाकण्यात आली. जूनपासून सर्वांत मोठ्या 100 आणि डिसेंबरपासून 250 नोंदणीकृत कंपन्यांना, माध्यमांतल्या बातमीमुळे शेअरचा भाव ठरावीक प्रमाणात हलला तर, 24 तासांच्या आत ती बातमी खरी आहे, खोटी आहे किंवा काय ते सांगावे लागते. 1996 मध्ये हा नियम असता तर लिव्हरला वर्तमानपत्रातल्या अटकळीमागे लपता आले नसते. एक तर हो म्हणावे लागले असते आणि यूटीआय सावध झाली असती, किंवा नाही म्हणून नंतर खोटे ठरावे लागले असते.

यावरून इनसायडर ट्रेडिंगच्या कायद्याचे खरे काम कुठे आहे, हे ध्यानात येते. शिक्षा हा त्याचा मागचा भाग झाला. सेबीच्या कायद्यातला दंड जबर आहे, 10 लाखांपासून 25 कोटींपर्यंत किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते. पण कायदा उभा आहे तो बातमी प्रसिद्ध झाली, असा एक क्षण ठरवण्यावर. त्या क्षणाआधी आतल्यांनी हात बांधून बसायचे आणि त्यानंतर सगळे एका रेषेवर. बाकीचे नियम त्या क्षणाभोवती गुंफलेले आहेत. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन 48 तास उलटेपर्यंत कंपनीतल्या संबंधित लोकांसाठी शेअरचा व्यवहार बंद असतो. संचालक मंडळाची सभा संपली की निर्णय साधारण अर्ध्या तासात शेअर बाजाराला कळवावा लागतो. सभा बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांची मुभा मिळते. प्रवर्तकाने किंवा ठरावीक कर्मचाऱ्याने तिमाहीत 10 लाख रुपयांहून जास्त किमतीचा व्यवहार केला, तर बाजाराच्या कामकाजाच्या दोन दिवसांत तो उघड करावा लागतो. बातमी ज्यांना कामासाठी सांगावी लागते, म्हणजे बँकर, वकील, लेखापरीक्षक, त्यांची पॅन क्रमांकासह नोंद 2019 पासून कंपनीला ठेवावी लागते.

अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक हेन्री मॅन यांनी 1966 च्या पुस्तकात याविरुद्ध एक जोरकस बाजू मांडली होती. आतल्या लोकांना व्यवहार करू दिला तर भाव लवकर खऱ्या किमतीकडे सरकतो. म्हणजे बाजाराला माहिती मिळतेच, ती फक्त भावाच्या रूपाने. शिवाय ज्याने विकले तो कोणालातरी विकणारच होता, मग बळी कोण? पहिल्या भागाला लिव्हरचा सौदाच उत्तर देतो. आठ लाख शेअर दोन संस्थांमधल्या एका सौद्यात हलले. इतर भागधारकांना भावावरून काय कळणार होते? आणि आतल्याला व्यवहार करू दिला की त्याच्या हाती एक नवे आमिष येते. गप्प राहण्याचा प्रत्येक दिवस त्याच्यासाठी कमाईचा होतो, म्हणून घोषणा लवकर करण्याऐवजी तो ती लांबवतो. माहिती बाजारात लवकर यावी हा मॅन यांचाच हेतू, आणि त्यांच्या उपायाने तीच अडते. बळी कोण, या प्रश्नाला उत्पल भट्टाचार्य आणि हाझेम दाऊक यांच्या 2002 च्या अभ्यासात उत्तर सापडते. शेअर बाजार असलेले 103 देश त्यांनी तपासले. त्यांतल्या 87 देशांत इनसायडर ट्रेडिंगविरुद्ध कायदा होता, पण प्रत्यक्ष खटला झाला होता तो फक्त 38 देशांत. नुसता कायदा केल्याने कंपन्यांना भांडवल मिळवण्याची किंमत कमी झाली नव्हती. पहिला खटला झाल्यानंतर ती कमी झाली. म्हणजे आतल्यांचा हात वर आहे, अशी शंका आली की लोक शेअरसाठी कमी पैसे देतात, आणि तो भुर्दंड प्रामाणिक कंपन्याही भरतात.

तरीही हे नियम काय करू शकत नाहीत, ते सांगितले पाहिजे. बातमी कुठून फुटली, हे सिद्ध करणे कठीण असते. 2017 च्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले आणि नंतरच्या खऱ्या आकड्यांशी जुळले. सेबीने ते पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. 2021 मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण असे अंदाजाचे संदेश बाजारात रोजच शेकड्यांनी फिरतात, आणि हे आकडे कंपनीच्या आतून आले होते, हे सेबीला दाखवता आले नव्हते. आकडा जुळला म्हणजे तो आतूनच आला असे होत नाही. निकाल कडक वाटला तरी त्यामागचा विचार मला पटतो. नाहीतर अचूक अंदाज बांधणारा प्रत्येक विश्लेषक गुन्हेगार ठरेल.

मेहनतीने काढलेला निष्कर्ष आणि पदामुळे मिळालेली बातमी यांतली रेषा रोजच्या आयुष्यातही ओढावी लागते. खोपोलीत मोठ्या पोलाद कंपन्यांचे कारखाने आहेत. समजा एखाद्या कारखान्यासमोर चहाची टपरी चालवणाऱ्याने पाहिले की आठवडाभर ट्रकांची रांग लागत नाही, आणि त्यावरून त्याने त्या कंपनीचे शेअर विकले. रस्त्यावरून दिसणारी गोष्ट सगळ्यांना दिसते. त्याने डोळे उघडे ठेवले एवढेच. पण आतल्या कार्यालयातल्या टंकलेखकाने उत्पादन थांबवण्याच्या निर्णयाचा कागद टाइप केला आणि संध्याकाळी मेहुण्याला फोन केला, तर तो टंकलेखक आणि शेअर विकणारा मेहुणा, दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. पगार, पद, शिक्षण यांचा इथे संबंध नाही. अशी माहिती हाती आली की माणूस इनसायडर होतो.

लहान गुंतवणूकदाराने प्रत्यक्ष काय पाहावे, तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या पानावर दोन याद्या असतात. एक कंपनीच्या घोषणांची, दिवस आणि मिनिटासह. दुसरी प्रवर्तक आणि संचालकांनी केलेल्या शेअरव्यवहारांची. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तर मोठ्या घोषणेच्या आधीच्या आठवड्यांत आतल्या माणसांनी किती घेतले किंवा विकले, हे दिसते. असा एकच व्यवहार दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये, आणि जे उघड झालेच नाही ते या यादीत सापडणार नाही. अफवेवर 24 तासांत खुलासा देण्याचे बंधनही फक्त सर्वांत मोठ्या 250 कंपन्यांवर आहे. कट्ट्यावर ज्यांच्या नावाने टिपा फिरतात त्या कंपन्यांपैकी पुष्कळशा या 250 मध्ये बसत नाहीत. त्यांच्याबद्दल एखादी कुजबुज कानांवर आली, तर ती खरी की खोटी हे सांगायला कंपनी बांधील आहे, असे त्यांच्या भागधारकाने गृहीत धरू नये.